परदेशात नोकरीला गेलात त्या वर्षीचा कर: या चुका टाळा

दरवर्षी जून-जुलैत मला त्याच चुका पुन्हा दिसतात. वर्क व्हिसा लागला, विमानात बसलो, म्हणजे आपण एनआरआय झालो, ही त्यातली पहिली. प्राप्तिकर कायदा व्हिसा बघत नाही. एप्रिल ते मार्च या वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होता, हे तो बघतो.

नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षापुरती सवलत आहे. एरवी 60 दिवस आणि मागच्या चार वर्षांत 365 दिवस अशी दुसरीही कसोटी असते. ती या माणसाला लागत नाही, त्याच्यासाठी फक्त 182 दिवसांची मर्यादा उरते. 182 किंवा जास्त दिवस भरले की रहिवासी, आणि सामान्य रहिवाशाचं जगभरातलं उत्पन्न भारतात करपात्र ठरतं.

इथे माझ्या मावसभावाचं उदाहरण सांगतो, कारण ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. तो 10 सप्टेंबर 2023 ला बहारीनला गेला. एप्रिल ते ऑगस्ट 153 दिवस आणि सप्टेंबरचे 10, असे 163 झाले. 182 च्या बराच आत आहोत म्हणून तो निर्धास्त राहिला. मग घरच्या लग्नासाठी 19 डिसेंबरला आला आणि 11 जानेवारीला परतला. हे 24 दिवस त्याने धरलेच नाहीत. एकदा देश सोडला की मोजणी संपते, असं त्याला वाटत होतं. पण दिवस सलग असावे लागत नाहीत, वर्षभरातले सगळे एकत्र होतात. बेरीज 187. 5 जानेवारीला निघाला असता तर 181 वर थांबली असती.

त्या वर्षी त्याचा भारतातला पगार 8 लाख आणि तिकडचा रुपयांत 16 लाख होता. अनिवासी असता तर नव्या करप्रणालीत उपकरासह 31,200 रुपये भरून सुटला असता. रहिवासी ठरल्याने कर 4,21,200 झाला, म्हणजे 3 लाख 90 हजारांचा फरक, आणि आगाऊ कर न भरल्याचं व्याज वेगळं. बहारीनमध्ये पगारावर कर नाही, त्यामुळे वजा करायला तिथे भरलेला करही नव्हता. दुहेरी कर करार हा शब्द ऐकून निश्चिंत होणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की दिलासा मिळायला आधी दोनदा कर लागावा लागतो.

माझी सवय साधी आहे. पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के घेऊन कागदावर महिनेवार दिवस लिहितो. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरतो, त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा चार-पाच दिवसांची मोकळीक ठेवतो. आणि हे तिकीट काढण्याआधी करतो. रिटर्न भरताना मोजणाऱ्याला फक्त निकाल कळतो, बदलता काही येत नाही.

दुसरी मोठी चूक विदेशी कराच्या सवलतीची. समजा तुम्ही जर्मनीत आहात आणि त्या वर्षी भारतातही रहिवासी ठरलात. तिकडच्या पगारावर तिथे 6 लाख कर गेला आणि त्याच पगारावर भारताचा कर 4.5 लाख बसतो. वजावट दोहोंतल्या कमी रकमेची, म्हणजे 4.5 लाखांची. वरचे दीड लाख भारत परत देत नाही. शिवाय जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर आहे, त्यामुळे तिथला वार्षिक दाखला जसाच्या तसा उचलून चालत नाही. दर महिन्याची पगारपत्रकं घेऊन एप्रिल ते मार्चचा हिशेब जुळवावा लागतो. घाईत हा टप्पा वगळणाऱ्यांचेच आकडे नंतर जुळत नाहीत.

सवलतीसाठी फॉर्म 67 लागतो. 2023-24 च्या उत्पन्नासाठी त्याची मुदत 31 मार्च 2025 होती. मी तो रिटर्नच्या आधी, तिथे भरलेल्या कराच्या पुराव्यासह भरतो.

दोन्ही देश तुम्हाला रहिवासी म्हणत असतील तर बहुतेक करारांत आधी कायमचं घर कुठे ते पाहतात, मग वैयक्तिक आणि आर्थिक संबंध कुठे जास्त घट्ट आहेत ते. जिथे दिवस जास्त तो देश जिंकतो, असं नाही.

रहिवासी ठरलात तर परदेशातलं बँक खातंही रिटर्नमध्ये दाखवावं लागतं.

आणि पुढच्या वर्षांत सुट्टीवर येताना भारतातलं उत्पन्न तपासा. भाडं, व्याज वगैरे मिळून ते 15 लाखांच्या वर गेलं तर 182 ऐवजी 120 दिवसांची मर्यादा लागू शकते.