मॉडेमची वायर कुठल्या सॉकेटात? टेलिफोनचा छोटा प्लग आणि नेटवर्कचा मोठा प्लग

टेलिफोन लाइनवर चालणाऱ्या ब्रॉडबँड मॉडेमच्या मागे दोन मापांची सॉकेटं असतात. एक लहान, त्यावर डीएसएल किंवा लाइन असं लिहिलेलं. बाकीची तीन-चार मोठी, त्यांवर लॅन. मोठा प्लग लहान सॉकेटात जातच नाही, त्यामुळे तिकडून चूक होत नाही. लहान प्लग मात्र मोठ्या सॉकेटात सहज शिरतो आणि खटकाही टक्‌कन लागतो, म्हणून जोडणाऱ्याला वाटतं की काम झालं. फोनच्या वायरींच्या बाबतीत प्लग बसला एवढ्यावर कधीच समाधान मानू नका.

आधी प्लग ओळखायला शिकू. हातात घेऊन खटका खालच्या बाजूला करा आणि सोनेरी पट्ट्या मोजा. नेटवर्कच्या प्लगला आठ पट्ट्या असतात आणि त्याची रुंदी साधारण ११.७ मिलिमीटर असते. दुकानात हा आरजे-४५ म्हणून मिळतो. टेलिफोनचा आरजे-११ सुमारे ९.७ मिलिमीटर रुंद असतो. त्यात सहा पट्ट्यांची जागा असते, पण भरलेल्या चार किंवा दोनच असतात. दोन पट्ट्यांचा प्लग दिसला तर तो अर्धवट किंवा खराब आहे असं समजू नका. एका टेलिफोन लाइनला दोनच तारा लागतात आणि त्या नेहमी मधल्या दोन पट्ट्यांवर येतात. चार तारांच्या चपट्या वायरीत लाल आणि हिरवी या मधल्या, तर काळी आणि पिवळी या कडेच्या. एका लाइनच्या घरात या कडेच्या दोघी नुसत्याच बसून असतात. मधल्या दोघींची अदलाबदल झाली तरी मॉडेमचं काही अडत नाही.

तिसराही एक प्लग असतो, सुमारे ७.७ मिलिमीटरचा. रिसीव्हरपासून फोनपर्यंत जाणाऱ्या गुंडाळीच्या वायरीला तो असतो. त्यालाही चार पट्ट्या असल्यामुळे नुसती मोजणी केली तर तो फोनचाच वाटतो, पण भिंतीच्या सॉकेटात घातला की डुगडुगतो. जुन्या वायरींच्या पिशवीतून मॉडेमसाठी वायर शोधताना हीच हाताला लागते, म्हणून दोन प्लग शेजारी धरून रुंदी बघून घ्या.

लहान प्लग लॅनच्या सॉकेटात गेला तर दोन गोष्टी होतात. त्याच्या दोन्ही कडांचं प्लास्टिक भरीव असल्यामुळे सॉकेटातल्या पहिल्या आणि आठव्या पिना खाली दाबल्या जातात आणि कधीकधी तशाच वाकून राहतात. टॉर्च मारून सॉकेटात पाहिलं तर आठ पिना एका रेषेत दिसायला हव्यात; कडेची एखादी खाली बसलेली दिसली तर ते सॉकेट सोडून शेजारचं वापरा. दुसरी गोष्ट विजेची. टेलिफोन लाइनवर एरवी सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतो, पण रिंग वाजताना त्यावर साधारण ७५ ते ९० व्होल्ट एसी येतो. लॅनचं सॉकेट त्यासाठी बनवलेलं नसतं. फोनची वायर चुकून तिथे लावली आणि त्याच वेळी कुणाचा फोन आला, तर ते पोर्ट कायमचं जाऊ शकतं. याच कारणासाठी भिंतीतल्या डबीचे स्क्रू सोडवताना उघड्या तारांना दोन बोटं एकदम लावू नका. रिंग आली तर झटका बसतो. प्राणघातक नसला तरी स्टुलावर उभ्या माणसाला पडायला तेवढा पुरतो.

आता जोडणी. सुरुवात भिंतीवरच्या रोझेटपासून करा, म्हणजे बाहेरची लाइन जिथे घरात येते त्या डबीपासून. पूर्वी फोनची वायर इथे थेट स्क्रूखाली आवळलेली असायची. नंतरच्या डब्यांना आरजे-११ सॉकेट आलं. मॉडेम बाजूला ठेवा आणि साधा वायरचा फोन इथे लावून डायल टोन ऐका. टोन स्वच्छ असेल तर पुढे जा. खरखर असेल तर मॉडेमवर वेळ घालवू नका. दोष लाइनमध्ये किंवा याच डबीत आहे. पावसाळ्यात या डबीतले स्क्रू गंजतात आणि तारेवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. तारेचं टोक कापून, नवं तांबं उघडं करून पुन्हा आवळलं की खरखर बऱ्याचदा इथेच संपते.

यानंतर स्प्लिटर. या छोट्या डबीला तीन सॉकेटं असतात, तिन्ही आरजे-११ मापाची: लाइन, फोन आणि मॉडेम. माप एकच असल्यामुळे इथे काय कुठे जाईल हे फक्त लिहिलेलं वाचूनच कळतं. रोझेटपासून आलेली वायर लाइनमध्ये, टेलिफोन फोनमध्ये, आणि मॉडेमची वायर मॉडेममध्ये. आवाज सुमारे चार किलोहर्ट्झच्या आत असतो आणि इंटरनेट त्याच तारेवर पण कितीतरी वरच्या वारंवारतेच्या पट्टीत चालतं. डीएसएलचा एडीएसएल-२ प्लस हा प्रकार २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. स्प्लिटर फोनकडे फक्त खालची पट्टी सोडतो. मॉडेमची वायर चुकून फोनच्या सॉकेटात गेली तर त्याला हवी तीच पट्टी अडवली जाते. मग डीएसएलचा दिवा लुकलुकत राहतो, स्थिर होतच नाही. फोन मात्र व्यवस्थित चालत असल्यामुळे स्प्लिटरवर कुणाला संशयही येत नाही.

मॉडेमच्या डीएसएल सॉकेटापर्यंत जाणारी ही वायर आखूड ठेवा, मीटर-दोन मीटर. चपट्या वायरीत तारा शेजारी सरळ जातात, एकमेकींना पीळ नसतो. म्हणून ट्यूबलाइटचा चोक, चार्जर, टीव्हीची वायर यांचा गोंगाट ती सहज पकडते. आवाजासाठी दहा मीटर चपटी वायर चालते, डीएसएलला ती जड जाते. मॉडेम लांबच्या खोलीत हवा असेल तर लोक हमखास हीच वायर वाढवतात, आणि उपाय नेमका उलटा आहे. मॉडेम रोझेटजवळ ठेवा आणि तिथून खोलीपर्यंत आठ तारांची नेटवर्क केबल न्या. तिच्यात तारांच्या चार पिळलेल्या जोड्या असतात आणि ती १०० मीटरपर्यंत वेग न घालवता चालते.

एक नेहमीचं प्रकरण घेऊ. दोन खोल्यांचा फ्लॅट. हॉलमध्ये रोझेट, फोन, स्प्लिटर आणि मॉडेम, सगळं बरोबर लावलेलं. तक्रार अशी की फोन वाजला की इंटरनेट तुटतं आणि दोन-तीन मिनिटांनी परत येतं. शिवाय बेडरूममधल्या फोनवर सतत सुस्स असा आवाज. स्प्लिटर बदलला, मॉडेम बदलला, फरक नाही.

रोझेटचं झाकण उघडलं की उत्तर दिसतं. दोन स्क्रूंवर बाहेरून आलेली जोडी आहे, आणि त्याच स्क्रूंखाली दुसरी एक जोडी बेडरूमकडे गेलेली आहे. कधीकाळी काढलेलं पॅरलल कनेक्शन. म्हणजे हॉलमधला फोन स्प्लिटरमधून जातो, पण बेडरूमचा फोन त्याच्याही आधीच लाइनला लटकलेला आहे. इंटरनेटची वरची पट्टी गाळल्याशिवाय त्या फोनमध्ये शिरते, ती कानाला सुस्स म्हणून ऐकू येते. आणि रिंग वाजताना किंवा रिसीव्हर उचलताना तो फोन लाइनला जो धक्का देतो, त्याने मॉडेमचा सांधा सुटतो.

खात्री करायला बेडरूमच्या फोनचा प्लग काढा आणि मोबाइलवरून घरच्या नंबरावर रिंग द्या. इंटरनेट टिकलं तर दोष सापडला. आकड्यांत बघायचं असेल तर मॉडेमला जोडलेल्या संगणकावर ब्राउझरमध्ये हा पत्ता टाका (काही मॉडेमचा पत्ता वेगळा असतो, तो खालच्या स्टिकरवर छापलेला असतो):

```
http://192.168.1.1
```

आत डीएसएलच्या स्थितीचं पान शोधा. त्यावर `SNR Margin` नावाचा आकडा डेसिबलमध्ये असतो; गोंगाट वाढला तरी लाइन किती तग धरेल हे तो सांगतो. तो सहाच्या खाली घुटमळत असेल तर लाइन तुटण्याच्या बेतात आहे. दहाच्या वर असेल तर निवांत. बेडरूमची जोडी स्क्रूवरून पूर्ण सोडवून पुन्हा आकडा बघा. नुसता फोन काढल्याने सगळी सुधारणा होत नाही, कारण टोकाला काही न लावलेली लांब तारही सिग्नल परतवते आणि त्यातला थोडा खाते.

दुरुस्ती अशी. रोझेटच्या स्क्रूंवर फक्त बाहेरची जोडी ठेवा. तिथून वायर स्प्लिटरच्या लाइनमध्ये. स्प्लिटरच्या फोन सॉकेटातून एक वायर दुसऱ्या छोट्या रोझेटमध्ये न्या, आणि बेडरूमची सोडवलेली जोडी या नव्या डबीच्या स्क्रूंवर आवळा. हॉलचा फोनही तिथेच लावा. आता दोन्ही फोन गाळणीच्या अलीकडे नाहीत, पलीकडे आहेत. तारा हलवणं शक्य नसेल तर बेडरूमच्या फोनला वेगळा फिल्टर लावता येतो. सुस्स थांबेल आणि रिंगचा धक्काही बसणार नाही, पण लांब तारेचं नुकसान तसंच राहील.

घरात फायबर आलं असेल तर स्प्लिटरची गरजच उरत नाही. फायबरच्या डबीवर फोनसाठी एक लहान सॉकेट असतं, आरजे-११ मापाचंच, आणि त्यावर फोन, टेल किंवा पॉट्स असं लिहिलेलं असतं. जुना फोन थेट तिथे लागतो. इथेही शेजारी लॅनची मोठी सॉकेटं असतात, तेव्हा वाचून लावा.

त्याच सॉकेटातून घरातल्या जुन्या वायरींवर सगळे फोन चालवायचे असतील तर मात्र आधी रोझेटमध्ये बाहेरची तांब्याची जोडी स्क्रूवरून सोडवा, टोकं वेगवेगळी टेपने गुंडाळा आणि मगच फायबरच्या डबीची वायर घरच्या जोडीला जोडा. तांब्याची लाइन एक्स्चेंजमध्ये अजून जिवंत असू शकते. तिचे ४८ व्होल्ट उलट दिशेने नव्या डबीच्या फोन पोर्टात शिरले तर ते पोर्ट जळतं, आणि इंटरनेट सुरूच राहिल्यामुळे फोन का बंद पडला हे कुणालाच पटकन कळत नाही.