‘जनुक नाही’ असं लिहिण्याआधी: बॅम फाइल वाचायची तयारी

बॅम फाइल म्हणजे रीड, म्हणजे वाचलेले डीएनएचे तुकडे, रेफरन्सवर कुठे बसले याची नोंद. ती पहिल्यांदा हातात पडली की बहुतेक जण थेट डेप्थ, म्हणजे एका जागेवर किती रीड आहेत ते, काढायला बसतात. मीही तेच केलं होतं आणि एसएमएन१ जनुकापाशी तोंडावर आपटलो होतो. म्हणून ही तयारी त्याच जनुकाला धरून लिहितो. पाठीच्या कण्याशी निगडित स्नायूक्षयात, म्हणजे एसएमएमध्ये, बहुतेक रुग्णांत हेच जनुक दोन्ही प्रतींत गेलेलं असतं. त्याचं जवळजवळ जुळं भावंड एसएमएन२ याच पाचव्या गुणसूत्रावर बसलेलं आहे. सातव्या एक्झॉनमध्ये दोघांत एकाच अक्षराचा फरक आहे: एसएमएन१ मध्ये सी, एसएमएन२ मध्ये टी.

आधी फाइल धड आहे का ते पाहा. `samtools quickcheck` काही न बोलता परतला, तर निदान ती अर्धवट कॉपी झालेली नाही. शेजारी `.bai` इंडेक्स हवी. मग `samtools view -H` ने हेडर वाचून रेफरन्स कुठला ते वहीत टिपून ठेवा. गुणसूत्राचं नाव `chr5` आहे की नुसतं `5`, हेही तिथेच कळतं. एका आवृत्तीचे पत्ते दुसऱ्या आवृत्तीत वापरले, तर तुम्ही भलत्याच गल्लीत रीड शोधत बसाल.

पुढे `samtools flagstat` चालवून डुप्लिकेटची ओळ बघा. लायब्ररी बनवताना पीसीआरमध्ये एकाच डीएनए तुकड्याच्या नकला होतात. त्या सगळ्या मोजल्या तर एकच साक्षीदार दहा वेळा साक्ष देतो आणि डेप्थ उगाच फुगते. दोन्ही टोकं तंतोतंत त्याच जागी बसणाऱ्या जोड्यांना साधनं डुप्लिकेट मानतात, त्यांतली एक ठेवतात आणि बाकीच्यांच्या फ्लॅगमध्ये १०२४ मिळवतात. म्हणजे ९९ फ्लॅगच्या रीडचा फ्लॅग ११२३ होतो. रीड फाइलमध्येच राहतो. त्या ओळीत शून्य दिसलं तर खूश होऊ नका. बहुधा खुणा करायची पायरीच राहिलेली असते. अपवाद अँप्लिकॉनचा: तिथे प्रायमरमुळे सगळेच रीड एका जागी सुरू होतात, त्यामुळे या खुणा केल्या तर चांगला डेटा हकनाक जातो.

आता मॅपिंग क्वालिटी, म्हणजे फाइलमधला पाचवा रकाना. रीड चुकीच्या जागी बसला असण्याची शक्यता हा आकडा सांगतो: २० म्हणजे शंभरात एक, ३० म्हणजे हजारात एक. बीडब्ल्यूए-मेमचा सर्वांत वरचा आकडा ६०. स्टार मात्र एकाच जागी बसलेल्या रीडला २५५ देतो, त्यामुळे दोन साधनांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. रीड दोन जागी सारखाच चपखल बसला, तर बीडब्ल्यूए त्यातली एक जागा चिठ्ठी टाकल्यासारखी निवडतो आणि शून्य देतो. अशा रीडची अक्षरं उत्तम वाचलेली असू शकतात. शंका फक्त त्याच्या पत्त्याबद्दल असते.

मग ही आज्ञा दोनदा चालवा, एकदा `-Q 20` सह आणि एकदा त्याशिवाय. `-Q 20` ही गाळणी २० पेक्षा कमी मॅपिंग क्वालिटीचे रीड वगळते. पत्ता जीआरसीएच३८ चा आहे.

```
samtools depth -a -Q 20 -r chr5:70951900-70952000 sample.bam
```

`-a` विसरू नका, नाहीतर शून्य डेप्थच्या जागा यादीत येतच नाहीत. डुप्लिकेट ही आज्ञा आपणहून वगळते.

समजा नमुना सरासरी ३० डेप्थचा आहे आणि माणसाला दोन्ही जनुकांच्या दोन-दोन प्रती आहेत. गाळणी नसताना इथे ३० च्या आसपास डेप्थ दिसते, `-Q 20` लावताच ती कोसळते. त्या एका अक्षरावरून जाणाऱ्या रीडना थोडीफार क्वालिटी मिळते, पण अनेकदा २० च्या आतच. जे रीड त्या अक्षरापर्यंत पोचत नाहीत त्यांना बहुधा शून्य. मी तेव्हा फक्त गाळलेला आकडा पाहिला आणि मसुद्यात ‘जनुक नाही’ असं लिहून मोकळा झालो. शेजारी बसलेल्या ताईंनी गाळणी काढायला लावली म्हणून निभावलं.

गाळणी काढूनही एका जागेचा आकडा पुरत नाही, कारण रीड दोन घरांत वाटले जातात. आयजीव्हीमध्ये `chr5:70951946` आणि एसएमएन२ मधली जोडजागा `chr5:70076526` उघडा. शून्य क्वालिटीचे रीड तिथे पोकळ दिसतात. दोन्हीकडचे सी आणि टी एकत्र मोजा. वरच्या माणसात एकूण साठेक रीड, सी आणि टी साधारण निम्मे-निम्मे. टी भरपूर आणि सी जवळजवळ नाहीच, तर मात्र संशय खरा. तरीही अहवालात लिहिण्याआधी एमएलपीए ही प्रयोगशाळेतली चाचणी करून प्रती मोजून घ्या.