पॉलिहाऊससाठी १० हजार लिटरची जमिनीखालची टाकी: माप आणि माल

मावळ-मुळशीत पॉलिहाऊसच्या कडेला टाकी बांधायची असेल तर काम मे अखेर उरकेल असं बघा. माती पाणी प्यायला लागली की खड्ड्याच्या कडा ढासळतात.

माप पाण्याच्या गरजेवरून काढायचं. १० गुंठ्यांत, म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटरमध्ये, उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज ४ लिटर धरले तर दिवसाला ४,००० लिटर लागतात. लाइटचा भरवसा नाही, म्हणून दोन दिवसांचा साठा हवा. फूटव्हॉल्व्हखालचं सुमारे हजार लिटर पाणी पंपाला मिळत नाही, हे धरून ९ हजार होतात, गोल करून १० हजार लिटर. आतून ३ मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद आणि दीड मीटर पाणी ठेवलं की हा हिशेब बसतो. वर ३० सेंमी मोकळे सोडा, म्हणजे भिंत १.८ मीटर.

मुरमाच्या जमिनीत ९ इंची विटांची भिंत चालते, पण निम्म्या उंचीवर १५ सेंमीचा काँक्रीटचा पट्टा हवाच. इंदापूर-बारामतीकडच्या काळ्या मातीत विटांच्या नादाला लागू नका. ती माती फुगून भिंत आत ढकलते. तिथे आरसीसी भिंत, आणि तीही इंजिनिअरकडून डिझाइन करून.

पट्टा वगळून भिंत ४.३ घनमीटर भरते. आपल्याकडच्या ९-४-३ विटा घनमीटरला साधारण ४७५ लागतात, मोडतोड धरून २,२०० मागवा. तळाचा १५ सेंमीचा स्लॅब (भिंतीबाहेर १५ सेंमी काढलेला), पट्टा आणि १२ सेंमीचं झाकण मिळून काँक्रीट ३.२ घनमीटर. १:१.५:३ मिश्रणाला २६ गोणी सिमेंट, जोडकाम आणि आतल्या प्लास्टरला आणखी १३-१४.

सळई आधी मोजून बघा, ठेकेदाराचा आकडा सहसा गोल असतो. तळात १० मिमीच्या सळया दोन्ही दिशांना १५ सेंमीवर टाकल्या तर एकूण लांबी सुमारे १५३ मीटर होते. सळईचं वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला ०.६२ किलो. तळालाच ९४ किलो लागले. झाकण आणि पट्टा धरून एकूण २०० ते २१० किलो पुरतं. ही मालाची अटकळ आहे, झाकणावरून ट्रॅक्टर जाणार असेल तर सळई नव्यानं ठरवावी लागेल.

पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवू नका. आपली टाकी साधारण १७ टनांची, आणि भोवतालचं पाणी जमिनीपर्यंत चढलं तर खालून उचल साडेअठरा टनांची. वर उचलली गेली की तळ आणि भिंतीच्या सांध्यात आडवी चीर दिसते, मग नुसतं प्लास्टर करून भागत नाही. जून ते सप्टेंबर आत किमान एक मीटर पाणी राहू द्या, आणि गाळ काढायचा तो एप्रिलमध्ये.