गुळवेलीचा काढा घेताय? या चुका टाळा

पावसाळा आला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कुंपणावरच्या गुळवेलीला कात्री लागते, कुणाला डेंग्यू झाला, कुणाला चिकुनगुन्या, की सकाळी कुणीतरी वीतभर कांडं कापून नेतं. मीही नेलंय, नाही कशाला म्हणू. पण दोन वर्षांपूर्वी मावशीचं झालं तेव्हापासून मी जपून असते.

मावशीला चिकुनगुन्या झाला, ताप चार दिवसांत उतरला पण सांधे काही सोडेनात. मग कुणीतरी सांगितलं, गुळवेल घे, इम्युनिटी वाढेल. रोज सकाळी बोटभर कांडं ठेचून दोन ग्लास पाण्यात उकळून एक ग्लास करायची आणि रिकाम्या पोटी प्यायची. ताप गेला, पावसाळाही संपत आला, काढा चालूच. इथे पहिली चूक. गुळवेल ताप असताना काही दिवस घेणं वेगळं आणि टॉनिक म्हणून महिनोन्‌महिने पिणं वेगळं. कोविडच्या वेळी आयुषच्या प्रोटोकॉलमध्येसुद्धा गुळवेलीच्या घनवटीला पंधरा दिवस किंवा महिना अशी मुदत होती, ती मुदत लोक विसरले, नाव तेवढं लक्षात राहिलं. आणि घरी ठेचलेल्या कांड्याचा डोस कोण मोजतं, कधी जाड, कधी बारीक.

सातव्या आठवड्यात मावशीची भूक गेली, मळमळ सुरू झाली, लघवी चहासारखी गडद झाली. तिला वाटलं ॲसिडिटी. डोळे पिवळे दिसले तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, काविळीवर गुळवेलच चांगली, दोन वेळा घे. सगळ्यात घातक चूक हीच, कारण आयुर्वेदात काविळीवर गुळवेल सांगितलीच आहे, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही आणि ज्याच्यामुळे लिव्हर सुजलंय तेच दुप्पट पोटात जातं. काढा चालू असताना कावीळ दिसली तर काढा त्याच दिवशी बंद, मग कारण काहीही निघो.

डॉक्टरांनी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी केली. एसजीपीटी नऊशेच्या वर (नॉर्मल साधारण चाळीसच्या आत), बिलिरुबिन सहा. पुण्यात कावीळ म्हटलं की आधी पाणी आठवतं, म्हणून हिपॅटायटिस ए आणि ई तपासले, दोन्ही निगेटिव्ह, बी-सी पण नाही. डॉक्टर विचारतायत, काही औषधं चालू आहेत का, मावशी म्हणते, थायरॉईडची गोळी फक्त. काढा हे तिच्या लेखी औषधच नव्हतं! चार दिवस याच्यात गेले. शेवटी तिच्या मुलाने सहज सांगितलं तेव्हा डॉक्टर एकदम सरळ बसले.

मग प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलीय का हे बघायला एएनए आणि आयजीजी या रक्ततपासण्या केल्या, दोन्ही वाढलेलं, बायोप्सीत ऑटोइम्युन हिपॅटायटिससारखं चित्र. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उठलेली. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते असं मानतात, म्हणून आधीच ऑटोइम्युन प्रकृती असलेल्यांना ती उलटू शकते. मावशीचा थायरॉईडही त्याच जातीचा, हाशिमोटो. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये अशा सहा पेशंटची नोंद छापली, पुढे देशातल्या १३ सेंटरमधून ४३ केसेस आल्या, त्यातही हेच चित्र बऱ्याच जणांत होतं आणि घेणं सुरू केल्यापासून त्रास होईपर्यंत मधला काळ साधारण दीड महिना.

आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की गुळवेल सुरक्षित आहे, लोकांनी सारखी दिसणारी दुसरी वेल, टिनोस्पोरा क्रिस्पा, घेतली असेल. तिच्या खोडावर बारीक चामखिळीसारखे उंचवटे असतात. ओळखून तोडा हे बरोबरच. पण खरी वेल मिळाली म्हणजे निश्चिंत, असं नाही, कारण त्या ४३ जणांच्या अभ्यासात तपासलेल्या नमुन्यांत खरी गुळवेलही निघाली होती.

मावशीचं काढा थांबवून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉईड घेऊन एसजीपीटी हळूहळू उतरलं, पण नॉर्मलला यायला तीन महिने लागले. बडबड असंबद्ध झाली, खूप झोप यायला लागली किंवा रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर वाढला, तर घरी थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

ज्यांना थायरॉईड, संधिवात, सोरायसिस असं काही ऑटोइम्युन आहे किंवा आधीच लिव्हरचा त्रास आहे, त्यांनी गुळवेल स्वतःच्या मनाने घेऊच नये, वैद्यांना विचारायला गेलात तर आजाराची आणि गोळ्यांची यादी आधी द्यायची. आणि एकदा गुळवेलीने लिव्हरला त्रास झाला की पुन्हा "थोडीशी घेऊन बघू" नाही, दुसऱ्यांदा तो आणखी जोरात येऊ शकतो. मावशीच्या फाईलवर आता गुळवेल लाल पेनाने लिहिलंय, ॲलर्जी लिहितात तिथे.