सहा नव्हे, बारा महिने

आमच्या सोलापूरच्या ज्वारी प्रकल्पाची मुदत मार्चअखेर संपत होती. जादा निधी न मागता फक्त मुदतवाढ मागणारा पहिला अर्ज परत आला. त्यात मी ‘अपरिहार्य कारणांमुळे विलंब’ एवढंच लिहून सहा महिने मागितले होते. खरं कारण असं, की जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर नोव्हेंबरात आले आणि तोवर मालदांडीची पेरणी उरकली होती. सहा महिने मिळाले असते तरी मुदत पुन्हा पेरणीच्या तोंडावरच संपली असती! दुसऱ्या अर्जात खरेदी-आदेशाची आणि सेन्सर पोचल्याची तारीख दिली, पावत्या जोडल्या. पुढचं वेळापत्रक हंगामाला बांधलं: सप्टेंबरअखेर पेरणी, फेब्रुवारीत काढणी, मार्चमध्ये अहवाल. सहायकाचा पगार शिल्लक रकमेतून कसा भागेल, तेही दाखवलं. बारा महिने मंजूर झाले.