मेट्रोनिडाझोल आणि दारू : या चुका टाळा

मेट्रोनिडाझोल हे संसर्गावरचं अँटिबायोटिक आहे, आणि त्याच्या गोळ्या चालू असताना व संपल्यावरही काही दिवस दारू पिऊ नये असं सांगतात. सगळ्यात जास्त चूक होते ती हे दिवस मोजताना. गोळ्या शुक्रवारी संपल्या म्हणून शनिवारी संध्याकाळी प्यायला हरकत नाही, असं अनेकांना वाटतं. पण गोळी संपली तरी औषध अंगात उरतंच. रक्तातलं मेट्रोनिडाझोल निम्म्यावर यायला साधारण 8 तास लागतात. शेवटची गोळी शुक्रवारी रात्री 10 वाजता घेतली असेल, तर शनिवारी रात्री 10 पर्यंत त्याचा आठवा हिस्सा शिल्लक असतो. सोमवारी रात्री 10 वाजता, म्हणजे 72 तासांनी, तो नगण्य होतो. अमेरिकेतल्या औषधाच्या माहितीपत्रकात किमान 3 दिवस थांबायला सांगितलं आहे, ब्रिटनमध्ये 2 दिवस सांगतात. मी 3 दिवसच धरायला सांगेन. यकृताचा आजार असेल तर औषध हळू बाहेर पडतं, म्हणून डॉक्टरांना विचारून आणखी थांबा.

प्यायलं तर काय होऊ शकतं? चेहरा लाल होऊन तापतो, डोकं ठणकतं, मळमळ आणि उलट्या होतात, पोटात कळ येते, छाती धडधडते. हे प्रत्येकाला होत नाही. 2002 मध्ये फिनलंडमध्ये निरोगी पुरुषांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात अशी रिॲक्शन दिसली नव्हती आणि काही तज्ज्ञ आता ही बंदी गरजेची मानत नाहीत. तरीही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत आणि तो कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही. म्हणून ‘मित्राला काही झालं नाही’ हा आधार धरू नका.

दुसरी चूक यापेक्षा वाईट : कार्यक्रम आहे म्हणून एखादी गोळी चुकवणं किंवा बरं वाटलं म्हणून कोर्स अर्धवट सोडणं. एक गोळी गाळल्याने आधीच्या गोळ्यांचं औषध अंगातून जात नाही, त्यामुळे रिॲक्शनचा धोका राहतोच आणि वर संसर्गही पुन्हा उसळू शकतो.

दारू म्हणजे फक्त ग्लासातली नव्हे. काही खोकल्याची औषधं, टॉनिक आणि माउथवॉशमध्येही अल्कोहोल असतं, तेव्हा बाटलीवरचे घटक वाचा.

चुकून प्यायलाच असाल तर तिथेच थांबा, घोट घोट पाणी प्या, आडवे व्हा आणि कोर्स स्वतःहून बंद करू नका. पुढची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, दम लागणं किंवा न थांबणाऱ्या उलट्या असतील, तर ताबडतोब दवाखाना गाठा आणि दारू प्यायल्याचं लपवू नका. रोज पिण्याची सवय असेल, तर गोळ्या सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा, कारण अशा व्यक्तीने दारू एकदम थांबवली तर झटके येऊ शकतात. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिरम घेत असाल किंवा गेल्या 2 आठवड्यांत घेतलं असेल, तर मेट्रोनिडाझोल घेऊच नये. ही दोन औषधं एकत्र आल्यावर भ्रम होऊन मानसिक तोल गेल्याचे प्रकार घडले आहेत.