ईसीएलची टक्केवारी काढताना भागायचं कशाने?

येणी बाकीवरचा ईसीएल, म्हणजे उधारी बुडण्याचा अपेक्षित तोटा, म्हटलं की आर्टिकलशिपला नवा आलेला मुलगा गेल्या वर्षीची एक्सेल उघडतो आणि तीच टक्केवारी पुढे ओढतो. इंड एएस १०९ मधली सोपी पद्धत संपूर्ण मुदतीचा अपेक्षित तोटा मागते, पण दर कुठून आणायचे हे प्रत्येक कंपनीने आपल्या वसुलीवरून ठरवायचं असतं. खरं काम तिथेच आहे.

एक गणित घ्या. जिचा निकाल लागून गेलाय अशा, म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या, १००० लाखांच्या उधार विक्रीचा माग काढा. देय तारीख उलटली तेव्हा ४०० लाख यायचे होते, ३० दिवसांनंतर १५०, ६० नंतर ८०, ९० नंतर ४० आणि शेवटी १० लाख बुडाले. हे १० लाख प्रत्येक टप्प्यातून गेलेले आहेत, म्हणून भागायचं ते त्या टप्प्यात शिरलेल्या रकमेने. मुदतीतल्या बाकीला १ टक्का, १ ते ३० दिवसांना २.५, ३१ ते ६० ला ६.६७, ६१ ते ९० ला १२.५ आणि त्यापुढे २५ टक्के. मुदतीतल्या बिलांना शून्य लावलेलं दिसलं, की पद्धत कळलेली नाही असं समजा.

आता ३१ मार्चची बाकी याच क्रमाने १२०, ६०, ३०, १६ आणि ८ लाख असेल, तर तरतूद १.२० + १.५० + २ + २ + २, म्हणजे ८.७० लाख. आधीची तरतूद ६.२० असेल, तर नफा-तोट्यात फक्त २.५० जातील. मात्र हे दर भूतकाळाचे आहेत. ग्राहकांचा धंदा मंदावतोय असं दिसत असेल तर ते वाढवावे लागतात, आणि किती व का ते कागदावर लिहून ठेवावं लागतं. ऑडिटर पहिलं तेच विचारतो.

बहुतेक वेळा सूत्र बरोबर असतं, घोळ एजिंगमध्ये, म्हणजे बाकीचं वय मोजण्यात असतो. टॅलीत पावती 'ऑन अकाउंट' टाकली की पैसे आलेले असूनही जुनं बिल उघडंच राहतं. एकाच पार्टीकडे शंभर दिवसांचं बिल आणि तेवढंच सुटं जमा दिसलं, तर आधी ते जुळवा. दुसरं, वय बिलाच्या तारखेपासून मोजलं तर ४५ दिवसांची उधारी असलेला वेळेवर देणारा ग्राहकही थकलेला दिसतो.

कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ मधले येणी बाकीच्या वयाचे कप्पे इथे वापरू नका. त्यांचा पहिला कप्पाच सहा महिन्यांपर्यंतचा आहे; त्यात पाच दिवस उशीर झालेलं आणि पाच महिने रखडलेलं बिल एकाच दराने मोजलं जाईल. सरकारी खात्यांचं कोष्टक वेगळं ठेवा: तिथे पैसे सहसा बुडत नाहीत, उशिरा येतात, आणि लांबलेल्या उशिराचं व्याजही ईसीएलमध्ये तोटाच धरलं जातं. वादात अडकलेली पार्टी कोष्टकातून बाहेर काढून तिचा स्वतंत्र अंदाज करा, नाहीतर तिच्यावर दोनदा तरतूद होते.